आजीचं ‘जडो’, पुस्तकातलं ‘पडो’

आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की सासूबाई पसायदान म्हणतात. वय ब्याऐंशी. चष्मा तेव्हा डोळ्यांवर नसतोच, कारण बघून म्हणायचं असं काही नसतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना मांडीवर घेऊन शिकवलं, त्यांनी माझ्या नवऱ्याला शिकवलं, आणि आता सातवीतली माझी लेक पाठांतराच्या स्पर्धेसाठी त्यांच्या शेजारी बसते. फरक एवढाच, की लेकीच्या हातात एक छापील पुस्तिका असते आणि आजी म्हणेल त्या शब्दाखालून तिचं बोट सरकत असतं.

परवा दुसऱ्याच ओवीला बोट अडलं.

“आजी, थांब. चुकलीस.”

“मी? सत्तर वर्षं म्हणतेय गं.”

“तू म्हणालीस ‘भूतां परस्परें जडो’. इथे ‘पडो’ आहे.”

सासूबाईंनी डोळे न उघडताच निकाल दिला. “छापणाऱ्यानं घोळ घातलाय. मैत्री पडते कधी? मैत्री जडते.” आणि पुढची ओवी सुरू.

मग दोघीही माझ्याकडे वळल्या. मी घरबसल्या मुद्रितशोधन करते, म्हणजे छापायला जायच्या आधी पुस्तकातल्या चुका शोधते. त्यामुळे सासूबाईंची चूक आहे की छापखान्याची, हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (गळ्यात ‘पडलं’ आणि गळ्यात ‘जडलं’ यांतला फरक पुढे उपयोगी येणार आहे.)

ती ओवी आधी पूर्ण वाचू.

जे खळांची व्यंकटी सांडो । तया सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचें ॥

दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना चांगल्या कामाची गोडी वाढो, आणि सगळ्या प्राणिमात्रांत एकमेकांविषयी मैत्री होवो. ‘पडो’ घ्या नाहीतर ‘जडो’ घ्या, मागणं तेच राहतं. आणि दोन्ही शब्द छापलेले सापडतात, हे मी लेकीला लगेच सांगितलं. म्हणजे एका पुस्तिकेत खिळा चुकला इतकं हे साधं नव्हतं. पोथ्यांचा अभ्यास करणारे याला पाठभेद म्हणतात. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत एकाच जागी दोन वेगळे शब्द असले, तर तो पाठभेद.

त्याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे आणि तो ऐकून लेक हसली. पाठांतर. आपण मराठीत पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणं म्हणतो. संस्कृतात मात्र ‘पाठान्तर’ म्हणजे दुसरा पाठ, म्हणजेच वेगळा शब्द. तोंडपाठ करणं आणि शब्द बदलणं या दोन्हींना एकच नाव मिळावं, हे मला फार खरं वाटतं.

हा घोळ नवाही नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी काळ दिलेला आहे, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. त्याच ओवीत सच्चिदानंदबाबा ‘लेखकु जाहला’ असंही म्हटलंय. म्हणजे ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलं. पहिली प्रतसुद्धा तोंडातून कानात आणि कानातून कागदावर अशी आली. ती प्रत आज उपलब्ध नाही. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं लोक तिच्या नकला करत राहिले, नकलांच्या नकला करत राहिले आणि म्हणतही राहिले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्याचं कारणही लिहून ठेवलं: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. ग्रंथ मुळात अगदी शुद्धच होता, पण पाठांतरात काही शुद्ध, काही अशुद्ध झालं. इथला ‘पाठांतर’ कुठल्या अर्थाचा घ्यायचा? कुठलाही घेतला तरी वाक्य जागेवर बसतं.

लेकीला इतिहासात रस नव्हता. तिला निकाल हवा होता. दुसऱ्या दिवशी ती पुरावे गोळा करून आली. भिंतीवरचं कॅलेंडर, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, शाळेची दैनंदिनी, आजीची जुनी वही, शेजारच्या काकांकडची ज्ञानेश्वरी आणि तिची ती पुस्तिका. सहा साक्षीदार. चार ‘जडो’, दोन ‘पडो’.

“आजी जिंकली,” ती म्हणाली. “चार-दोन.”

इथेच बहुतेक जण फसतात. शब्दांचा खटला मतदानानं सुटत नाही. चार साक्षीदार चार वेगळ्या वाटांनी आले असतील तरच ते चार. एकाचंच ऐकून बाकी तिघे बोलत असतील, तर साक्षीदार एकच आणि बाकीचे त्याचे प्रतिध्वनी.

पहिली आजीची वही घेतली. अक्षर सासूबाईंचंच, लग्नाच्या आधीचं. ती त्यांनी कुठून उतरवली होती? “उतरवीन कशाला? मला येतच होतं. आठवून लिहिली.” म्हणजे वही आणि आजी हे दोन पुरावे नाहीत. आजी जे म्हणते तेच वहीत असणार. दोन्ही मिळून साक्षीदार एकच.

पत्रिका आणि दैनंदिनी शेजारी ठेवून मी लेकीला पूर्ण पसायदान अक्षर न अक्षर ताडून बघायला सांगितलं. ‘पडो-जडो’ सोड, बाकी बघ. दहा मिनिटांनी तिला दोन गोष्टी सापडल्या. दोन्हीकडे ‘मार्तंड’वरचा अनुस्वार गायब होता आणि ‘मार्तड’ असं छापलं होतं. आणि शेवटच्या आधीच्या ओवीत ‘होआवें जी’मधला ‘जी’ दोन्हीकडे सुटला होता. ‘मार्तंड’ कुणी मुद्दाम ‘मार्तड’ करत नाही. अशी वेंधळी चूक दोन ठिकाणी, तीही दोन-दोन, आपोआप जुळणं कठीण. एकानं दुसऱ्यावरून घेतलं असेल किंवा दोघांनी एकाच तिसऱ्यावरून. वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर बाईंना काही वाटत नाही, पण दोघांचं एकच विचित्र चुकीचं उत्तर आलं की बाई दोघांची बाकं लांब करतात. पोथ्यांची नाती अशीच ठरतात. बरोबर शब्द सगळ्यांकडे असतात, ते काही सांगत नाहीत. सारखी चूक मात्र एक घराणं दाखवते.

आता उरलेला हिशेब असा: आजी आणि वही मिळून एक, पत्रिका आणि दैनंदिनी मिळून एक, कॅलेंडर एक. समोर काकांची ज्ञानेश्वरी आणि पुस्तिका. तीन-दोन. त्यातही कॅलेंडर छापणाऱ्यानं कशावरून घेतलं ते माहीत नाही. मोजणी इथेच सोडून दिली. शब्दांकडेच जायला हवं होतं.

शब्द बदलतो तो तीन वाटांनी. डोळा चुकतो, कान चुकतो, किंवा डोकं जास्त चालतं.

डोळ्याची चूक नक्कल करणाऱ्याची. हातानं लिहिलेल्या पोथीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळतात. शिवाय जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ सलग असते, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे वाचणाराच ठरवतो. पण ‘प’ आणि ‘ज’? नागरी हातात हे दोन सहज एकमेकांसारखे होत नाहीत. म्हणून ही चूक डोळ्याची असण्याचा संभव कमी.

कानाची चूक आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. गणपतीच्या आरतीत ‘फणिवरवंदना’ आहे, म्हणजे नागराज ज्याला वंदन करतो तो. लहानपणी आपण ‘फळीवर वंदना’ म्हणत होतो आणि देव फळीवर ठेवतात म्हणून ते पटतही होतं. ‘दीपज्योती नमोऽस्तुते’चा ‘दीपक जोशी’ झालेला तर कित्येक घरांत ऐकू येतो. कानाच्या चुकीची खूण अशी, की ऐकायला शब्द जवळपास तसाच लागतो आणि अर्थाचा मात्र चुथडा होतो. ‘पडो’चं ‘जडो’ ऐकू येईल का? एखाद्या गोंगाटात येईलही. पण इथे अर्थाचा चुथडा झालेला नाही, उलट तो जास्त गोड झालाय. मग संशय तिसऱ्या वाटेवर जातो.

तिसरी वाट म्हणजे समजूतदारपणा. माणूस ओवी लक्षात ठेवतो तेव्हा नुसते आवाज साठवत नाही, अर्थ साठवतो. म्हणताना अर्थावरून शब्द पुन्हा उभा करतो. मधल्या काळात एखादा शब्द भाषेत जुना झाला असला, तर त्या जागी ओळखीचा शब्द येऊन बसतो आणि म्हणणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ‘मैत्री पडते कधी?’ हा सासूबाईंचा प्रश्न इथे पुरावा म्हणून नोंदवायला हवा.

कारण मराठीत मैत्रीसारख्या गोष्टी पडत होत्या, आणि अजून पडतात. गाठ पडते, सवय पडते, विसर पडतो, भूल पडते, मोहिनी पडते, नाव पडतं. यांतलं काहीच वरून खाली येत नाही. इथे ‘पडणं’ म्हणजे घडून येणं, आपसूक होऊन जाणं. तसं मैत्र ‘पडो’ म्हणजे मैत्र घडून येवो. आज मैत्रीला आपण हे क्रियापद लावत नाही, म्हणून कानाला खटकतं. लेक म्हणाली, “म्हणजे काम तुझ्या गळ्यात पडलं, तसं?” अगदी तसं.

आता उलटसुलट करून बघायचं. पोथी तपासणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न आहे: कशातून काय झालं असेल? समजा मूळ शब्द ‘जडो’ होता. गोड, सोपा, सगळ्यांना कळणारा. तो टाकून कुणी ‘पडो’ कशाला म्हणेल? कारण सापडत नाही. समजा मूळ ‘पडो’ होता. मग ‘जडो’ होण्याची कारणं दोन-दोन सापडतात. एक तर ‘पडो’ जुना झाला. दुसरं, लगेच पुढच्या चरणातला शब्द बघा: ‘जीवांचें’. जीव म्हटलं की मराठी जिभेवर पुढचं क्रियापद आपोआप येतं, जीव जडणं. पुढे येणाऱ्या ‘जी’नं मागच्या ‘प’ला ओढून ‘ज’ केलं असावं. गाणं म्हणताना असं नेहमी होतं, तोंड पुढच्या अक्षराची तयारी आधीच करत असतं.

म्हणून नियम असा, की दोन पाठांपैकी अवघड वाटणारा बहुधा जुना. अवघडाचं सोपं सहज होतं, सोप्याचं अवघड सहसा होत नाही. या नियमाची एक मर्यादाही लेकीला सांगितली, नाहीतर ती उद्यापासून प्रत्येक छापील चूक ‘अवघड पाठ’ म्हणून खपवेल. अवघड म्हणजे अर्थ आहे पण आज अनोळखी आहे. ‘मार्तड’ हा अवघड पाठ नाही, ती फक्त चूक आहे.

सासूबाई हे सगळं भाजी निवडत ऐकत होत्या. “पण यमक जुळतं की माझं. सांडो, वाढो, जडो.”

मुद्दा बिनतोड होता, पण त्यांच्या बाजूनं नव्हता आणि विरोधातही नव्हता. ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा आखूड, मोकळा. यमक हे शब्दाला लावलेलं कुलूप आहे. पण या कुलपाला ‘पडो’ची किल्लीही लागते आणि ‘जडो’चीही. म्हणून तर शब्द निसटला! ‘मैत्र वाढीस लागो’ असं काही कुणी म्हणायला गेलं असतं, तर यमकानं तिथेच अडवलं असतं.

यमक कधी निकाल लावतं, तेही त्याच पसायदानात आहे. ‘किंबहुना सर्वसुखीं । पूर्ण होऊनि तिहीं लोकीं । भजिजो आदिपुरुखीं । अखंडित’. लेकीनं पुस्तिकेत ‘पुरुखीं’ला लाल गोल केला होता, ‘पुरुषी’ हवं म्हणून. सुखीं, लोकीं, आणि मग पुरुषी? यमक मोडलं. ‘पुरुखीं’च हवं. त्यातून जुन्या हस्तलिखितांत ‘ख’चा उच्चार पुष्कळदा ‘ष’ काढून लिहीत. अक्षर ‘ष’ दिसतं आणि तोंडानं ‘ख’ म्हणायचं असतं. तिथे यमकच सांगतं की हा ‘ष’ वाचायचा कसा. लेकीनं गोल खोडला.

तिला लगेच दुसरी शंका आली. पुस्तिकेत ‘जीवांचें’ आणि काकांच्या ज्ञानेश्वरीत ‘जीवाचें’. टिंब आहे की नाही? टिंब असेल तर जीवांमधली मैत्री, नसेल तर जिवाभावाची मैत्री. दोन्ही छान, आणि माझ्या मते दुसरी जरा जास्त छान. पण इथे आजीला विचारून उपयोग नाही. ‘जीवाचें’ आणि ‘जीवांचें’ ती जवळजवळ सारखंच म्हणते, आपणही म्हणतो. आणि हातानं लिहिणारे टिंबांच्या बाबतीत इतके बेफिकीर, की एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी सापडतो. ‘पडो-जडो’मध्ये तोंडाची साक्ष काही तरी सांगते, टिंबाबद्दल तोंड गप्प आहे.

शनिवारी लेक परत लढायला आली. या वेळी मनाचे श्लोक. “आजी पहिल्याच श्लोकात ‘पंथ आनंत’ म्हणते. अनंत असतं ना? या पुस्तकात ‘अनंत’च आहे.” सासूबाई थोड्या वरमल्या. आधीच्या खटल्याचा निकाल विरुद्ध जाणार हे त्यांना दिसत होतं.

या वेळी मात्र मला उत्तर आधीपासून माहीत होतं, कारण या शब्दावर मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे. कामाला लागून वर्ष झालं नसेल. श्लोकांची एक पुस्तिका तपासायला आली. ‘आनंत’ दिसताच मी ‘आ’चा काना खोडला आणि शुद्धलेखन सुधारल्याच्या समाधानात पान पुढे सरकवलं. ज्येष्ठ मुद्रितशोधकांकडून पान परत आलं. माझ्या खुणेवर काट मारलेली, शेजारी ‘आहे तसंच ठेवा’, आणि खाली फक्त चार शब्द: ‘म्हणून बघा, मग खोडा’.

लेकीलाही तेच करायला लावलं. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. ते मोजायला पुस्तक लागत नाही, बोटं पुरतात. एक लघु, दोन गुरू, असा तीन अक्षरांचा घास, आणि एका ओळीत असे चार घास. ऱ्हस्व अक्षर लघु. दीर्घ अक्षर, अनुस्वाराचं अक्षर आणि ज्याच्या पुढे जोडाक्षर आहे ते अक्षर गुरू. लघुला टिचकी, गुरूला टाळी.

ग-मूं-पं, थ-आ-नं, त-या-रा, घ-वा-चा.

टिचकी टाळी टाळी, चार वेळा, कुठेही अडलं नाही. आता ‘अनंत’ घालून. ग-मूं-पं, थ-अ-नं... टिचकी, टिचकी, टाळी. दुसऱ्या घासाला ठसका लागला. लेकीनं दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा तिथेच अडखळली. कवीनं वृत्तासाठी ‘अ’चा ‘आ’ केलाय, आणि व्याकरणाच्या काळजीनं कुणी तरी तो ‘सुधारला’.

“म्हणजे पुस्तक चुकलं?”

“पुस्तकाच्या माणसानं डोळ्यांनी वाचलं. आजीनं कानांनी.”

सासूबाईंनी निवडलेल्या मेथीची जुडी जरा जोरातच परातीत ठेवली.

वृत्त हे यमकापेक्षा कडक कुलूप आहे, ते प्रत्येक अक्षराला लागतं. म्हणून गणवृत्तातले श्लोक तोंडातोंडी बरेच शाबूत राहतात. तेही पूर्ण नाहीत. तिसऱ्या श्लोकात ‘सदाचार हा थोर सांडू नये तो’ आहे आणि ‘सोडू नये तो’ म्हणणारे ढिगानं सापडतील. ‘सांडू’ आणि ‘सोडू’ दोन्ही टाळी-टाळी. वृत्त काही बोलत नाही, आणि ‘सांडणं’ आज फक्त दुधाचं होतं. हे तर ‘पडो-जडो’चंच जुळं भावंड.

ज्ञानेश्वरीच्या ओवीला असं अक्षरांचं बंधन नाही. चरण लांब-आखूड होतात, गद्याच्या जवळ जातात. त्यामुळे तिच्या मधल्या शब्दांना कुलूपच नसतं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला वेदपाठी. त्यांनी पाठांतरालाच कुलूप लावलं. जटापाठात शब्दांची जोडी आधी सरळ म्हणायची, मग उलटी, मग पुन्हा सरळ, आणि असं शब्दामागून शब्द पुढे जायचं. उलटं म्हणताना अर्थ लागत नाही, आणि तोच हेतू आहे. अर्थ लागला नाही की समजूतदारपणाची चूक शिरायला जागा राहत नाही. सासूबाईंच्या वडिलांनी मांडीवर घेऊन शिकवलं, तेव्हा असलं काही नव्हतं. चाल होती, यमक होतं आणि रोजचा दिवा होता.

मग पसायदानाचा निकाल काय? माझा कौल ‘पडो’ला, आणि तो का, ते वर सांगितलं. पण हा कौल आहे, सिद्धता नाही. ज्ञानेश्वरांना नादाचं वेड होतं. ‘जडो’ आणि ‘जीवांचें’ हा अनुप्रास त्यांनी स्वतःच साधला नसेल कशावरून? ‘जडणं’ काही कालपरवाचा शब्द नाही. खरी तपासणी करायची तर वेगवेगळ्या घराण्यांच्या जुन्या पोथ्या काढाव्या लागतात, त्यांची नाती लावावी लागतात, आणि मग जुन्यात जुन्या, एकमेकांशी नातं नसलेल्या प्रती काय म्हणतात ते बघावं लागतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती याच ओढीतून. त्यांना मिळालेली पोथी एकनाथांच्या आधीच्या वळणाची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले.

या कामाचा सगळ्यात मोठा नमुना पुण्यात आहे. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती १९६६ साली पुरी झाली. तिचं एखादं पान उघडलं की वर संपादकांनी ठरवलेला श्लोक दिसतो आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या प्रतीत कुठला वेगळा शब्द आहे त्याची यादी. प्रत्येक प्रतीला एखाद-दोन अक्षरांची खूण दिलेली. पण मला त्या पानांवर सगळ्यात आवडते ती नागमोडी रेघ. ज्या शब्दाबद्दल संपादकांची पूर्ण खात्री नाही, त्या शब्दाखाली ती काढलेली असते. शब्द छापला आहे, निवडलाही आहे, पण पैज लावलेली नाही. मुद्रितशोधनात आमच्याकडे अशी खूणच नाही. आमच्याकडे शब्द एक तर बरोबर असतो, नाहीतर चूक.

एक गोष्ट सांगायची राहिली, कारण सासूबाईंनी मध्येच ती काढली. “मग जात्यावरच्या ओव्यांचं काय करशील? ‘पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम, तुळशीखाली राम पोथी वाचे’. माझी आई रामाच्या जागी कधी विठ्ठल घालायची.” तिथे हा सगळा खटलाच उभा राहत नाही. पसायदानाला एक कर्ता आहे, एकदा ते सांगितलं गेलं, म्हणून ‘मूळ शब्द कोणता’ या प्रश्नाला अर्थ आहे. जात्यावरच्या ओवीला मूळ प्रत नव्हतीच. दळताना जी म्हणाली तिची ती ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एकच ओवी दोन गावांत वेगळी निघाली तर तिथे एक बरोबर आणि एक चूक नसते, दोन ओव्या असतात. सासूबाईंच्या आईनं विठ्ठल घातला, ती चूक नव्हती, तो तिचा हक्क होता.

संध्याकाळी दिवा लागला. सासूबाईंनी दुसरी ओवी म्हटली, आणि म्हटलं ते ‘जडो’च. सत्तर वर्षांची सवय माझ्या कौलाला भीक घालत नाही. लेकीनं या वेळी थांबवलं नाही. तिनं पेन्सिल काढली, पुस्तिकेतल्या ‘पडो’खाली एक नागमोडी रेघ ओढली आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं: ‘आ. – जडो’.

पसायदान संपल्यावर सासूबाईंनी चष्मा मागून घेतला आणि पान डोळ्यांजवळ धरलं.

“हे ‘आ’ काय?”

“प्रतीची खूण. आजी-प्रत.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “काना नीट काढ. ‘अ’ दिसतोय.”